शुक्रवारी संध्याकाळी आलेली ऑफर

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला माझ्या भाचीला फोन आला. "अभिनंदन, तुमचं सिलेक्शन झालंय. 9 लाखांचं पॅकेज आहे. फक्त उद्या दुपारी 12 पर्यंत मेलवर होकार कळवा, नंतर अप्रूव्हल राहणार नाही." पगाराचा तपशील कधी मिळेल, असं तिनं विचारलं. उत्तर आलं, "होकार आला की लगेच पाठवतो." तिचं तेव्हाचं पॅकेज 7 लाख 20 हजारांचं होतं. घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली आणि तिनं मला विचारलं, कारण मी बरीच वर्षं भरती विभागात काम केलं आहे.

घाई म्हटलं की काळंबेरं असणारच, असं मात्र नाही. आयटी क्षेत्रात 90 दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास असतो. उमेदवार एक ऑफर हातात घेतो आणि त्या तीन महिन्यांत तीच दाखवून दुसरीकडे जास्त पगार मागतो. ऐन रुजू व्हायच्या दिवशी त्याचा फोन बंद लागतो. भरती करणाऱ्यांना याचा धसका असतो, त्यामुळे होकार लवकर हवा असणं स्वाभाविक आहे. प्रश्न घाई कशाची आहे हा आहे. सगळे कागद समोर ठेवून "चार दिवसांत कळवा" म्हणणारी कंपनी आपला वेळ वाचवते. कागद मागे ठेवून "उद्या 12 पर्यंत" म्हणणारी कंपनी तुम्हाला कागद वाचू देत नाही. मुलाखतीतली मोघम उत्तरं टिकतात ती याच घाईच्या आधारानं, म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात.

भाचीनं होकार न देता आधी तपशील मागितला. दोन फोन झाल्यावर तो आला. 9 लाखांपैकी 1 लाख 35 हजार 'व्हेरिएबल' होते, म्हणजे कंपनीच्या आणि तिच्या कामगिरीवर अवलंबून, वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. 60 हजार 'रिटेन्शन बोनस', तोही वर्ष पूर्ण झाल्यावर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 21,600, ग्रॅच्युइटीपोटी सुमारे 21,600 आणि विम्याचा हप्ता 12 हजार. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हाती येते, पण पॅकेजमध्ये ती पहिल्या दिवसापासून मोजलेली असते. हे सगळं वजा केल्यावर उरले साधारण 6 लाख 50 हजार. त्याला 12 नी भागून तिच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर कापला की महिन्याला खात्यात येणार होते 52 हजार. चालू नोकरीत व्हेरिएबल नव्हतं, आणि तिथे तिला 54 हजार मिळत होते. पॅकेज 1 लाख 80 हजारांनी वाढलं होतं आणि हातात येणारा पगार घटला होता.

यात बेकायदेशीर काहीच नाही. व्हेरिएबल अनेक चांगल्या कंपन्यांत असतं आणि ते मिळतंही. म्हणून विचारायचं ते एवढंच: गेल्या वर्षी या टीमला व्हेरिएबल किती टक्के मिळालं? एचआरच्या माणसाकडे हा आकडा असतो, निदान तो काढून देता येतो. भाचीला उत्तर मिळालं, "परफॉर्म करणाऱ्याला आमच्याकडे कधीच कमी पडत नाही."

उत्तर मोघम आहे की नाही हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. ज्याला जे माहीत असायलाच हवं, त्याला ते सांगता येतं का? टीम रात्री किती वाजता घरी जाते हे एचआरला ठाऊक नसेल, त्यात वावगं नाही. पीएफचा हिशोब मॅनेजरला येत नसेल, तेही चालेल. पण ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या मॅनेजरला "पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षित आहे?" असं विचारल्यावर तो "तुम्ही या तर खरं, मग बघू" म्हणत असेल, तर काम ठरलेलं नाही किंवा सांगण्यासारखं नाही. उलट "ते अजून ठरलेलं नाही, क्लायंटशी बोलणं चालू आहे" हे स्वच्छ उत्तर आहे. नव्या, लहान कंपन्यांत अशी उत्तरं खूप मिळतात आणि त्यांना घाबरायचं कारण नाही.

प्रश्नही नेमका हवा. "वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?" असं विचारलं तर "छान आहे" याशिवाय काय उत्तर येणार? "गेल्या महिन्यात टीमला किती शनिवार यावं लागलं?" असं विचारलं की समोरच्याला आठवावं लागतं. दुसरा प्रश्न, "या जागेवर आधी कोण होतं, आणि ते आता कुठे आहेत?" हा प्रश्न मी प्रत्येकाला दोघांकडे वेगवेगळा विचारायला सांगतो, एचआरला आणि मॅनेजरला. भाचीला एचआरनं सांगितलं होतं की टीम वाढतेय, जागा नवी आहे. मॅनेजर बोलता बोलता म्हणाला, "आधीची मुलगी अर्धवट टाकून गेली, ते आधी निस्तरावं लागेल." माणसं सोडून जातातच. पण तेवढी साधी गोष्ट लपवावीशी का वाटली, हे मला खटकलं.

कंपनीबद्दल एक गोष्ट कोणालाही न विचारता पाहता येते आणि ती फार कमी जणांना माहीत असते. ईपीएफओच्या संकेतस्थळावर `Establishment Search` मध्ये कंपनीचं नाव टाकलं की पीएफ कोणत्या तारखेला भरला आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरला, याची महिनावार नोंद दिसते. भरणा दरमहा पुढे ढकलला जात असेल तर पैशाची ओढाताण आहे. कर्मचाऱ्यांचा आकडा सहा महिने घसरत असेल, तर "आम्ही झपाट्यानं वाढतोय" हे वाक्य तिथेच तपासून होतं. मात्र कंपनीची नोंद वेगळ्या नावानं किंवा अनेक कोडखाली असू शकते, त्यामुळे एकट्या आकड्यावर निकाल देऊ नये.

मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगणाऱ्या आणि रुजू होण्याआधी पैसे मागणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून यावं. बॉन्डचं प्रकरण इतकं सरळ नाही. "बॉन्ड कोर्टात टिकत नाही, कर सही" हा सल्ला कट्ट्यावर हमखास मिळतो, पण तो धोक्याचा आहे. विजया बँकेच्या खटल्यात 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचं होतं आणि रक्कम वाजवी आहे का, हे न्यायालय पाहतंच. पण सही करताना ती रक्कम आपल्याला खरोखर भरावी लागेल असं धरूनच चालावं. भाचीच्या बाबतीत बॉन्डचा उल्लेख मुलाखतीच्या तिन्ही फेऱ्यांत झाला नव्हता. तो तपशिलाच्या मेलमध्ये शेवटून दुसऱ्या ओळीत निघाला: 18 महिने, दीड लाख.

तिनं शनिवारी सकाळी चार ओळींचा मेल केला. ऑफरबद्दल आभार, निर्णय बुधवारपर्यंत कळवते, आणि तोवर तीन गोष्टी लेखी हव्यात: गेल्या वर्षी मिळालेल्या व्हेरिएबलची टक्केवारी, बॉन्डचा पूर्ण मसुदा आणि प्रोबेशनमध्ये कंपनीनं काढल्यास बॉन्ड लागू राहतो का. दुपारचे 12 वाजून गेले. काही झालं नाही. सोमवारी एचआरचा फोन आला, ऑफर जशीच्या तशी होती, अप्रूव्हलचं कोणी नावही काढलं नाही. तीन प्रश्नांची उत्तरं त्यांनी फोनवर दिली आणि तीही भरघोस. "हेच मेलवर पाठवाल का?" असं तिनं विचारलं. "कंपनीची तशी पद्धत नाही," असं त्यांनी सांगितलं. बुधवारी तिनं नकार कळवला. चालू नोकरीचा राजीनामा तिनं अजून दिलेला नव्हता, म्हणून तिला नकार देता आला.