एका स्लाइडची चार पानं

गणिताच्या एका स्लाइडपासून सुरुवात करू. वर समीकरण आहे: x² − 5x + 6 = 0. पहिल्या क्लिकला एक पिवळी चौकट येते: ‘असे दोन अंक शोधा, ज्यांचा गुणाकार 6 आणि बेरीज 5 येते.’ दुसऱ्या क्लिकला चौकट जाते आणि तिच्या जागी (x − 2)(x − 3) = 0 ही ओळ येते. तिसऱ्या क्लिकला उत्तर दिसतं: x = 2 किंवा x = 3. वर्गात हे छान चालतं, कारण मुलांना विचार करायला मध्ये वेळ मिळतो.

आता हीच फाइल PowerPoint मधून पीडीएफ करून मुलांना पाठवा. स्लाइडचं एकच पान होतं आणि त्यावर उत्तर आधीच छापलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे पिवळी चौकट अवयवांच्या ओळीवर बसलेली असते, त्यामुळे मधली पायरी वाचताच येत नाही. पीडीएफ करताना PowerPoint ॲनिमेशनचा विचारच करत नाही. संपादनाच्या वेळी स्लाइडवर जे जे ठेवलेलं दिसतं ते सगळं एकदम पानावर उतरतं. पुढे निघून जाणाऱ्या वस्तूही त्यात आल्या. प्रत्येक पायरीचं वेगळं पान करून देणारा पर्यायच त्यात नाही.

किती पानं हवीत, हे ॲनिमेशनच्या यादीवरून कळतं. On Click असं लिहिलेला प्रत्येक परिणाम नवं पान मागतो. With Previous किंवा After Previous असलेले परिणाम आधीच्या क्लिकसोबतच येतात, त्यांना वेगळं पान लागत नाही. आपल्या स्लाइडवर चौकट जाणं On Click आहे आणि अवयवांची ओळ With Previous. म्हणजे क्लिक तीन आणि सुरुवातीची स्थिती धरून पानं चार.

ही चार पानं हाताने करता येतात. आधी फाइलची प्रत काढून ठेवा. डावीकडच्या पट्टीत स्लाइड निवडून Ctrl+D तीनदा दाबा, म्हणजे एकसारख्या चार स्लाइड होतील. मग Alt+F10 दाबून Selection Pane उघडा. प्रत्येक वस्तूसमोर डोळ्याचं चिन्ह असतं. ते बंद केलं की वस्तू जागेवरच राहते, पण दिसत नाही आणि पीडीएफमध्येही येत नाही. पहिल्या स्लाइडवर फक्त समीकरण ठेवा, दुसरीवर चौकटही दाखवा, तिसरीवर चौकटीऐवजी अवयव, आणि चौथीवर अवयव व उत्तर.

अडचण येते ती एकाच मजकूर-चौकटीतल्या ओळी एकेक करून आणलेल्या असतील तर. तिथे डोळा अख्ख्या चौकटीचा मिटतो, एका ओळीचा नाही. मग ओळी पुसाव्या लागतात, आणि त्या पुसल्या की उरलेला मजकूर जागा बदलतो किंवा आपोआप मोठा होतो. म्हणून मजकूर चौकटीच्या वरच्या कडेला लावा आणि अक्षरांचा आकार आपोआप बदलण्याची सोय, म्हणजे AutoFit, बंद करा. जमलं की नाही हे तपासायला पीडीएफ पूर्ण पडद्यावर उघडून बाणाच्या कळीने पुढे-मागे करा. ओळ उडी मारताना दिसली तर काहीतरी राहिलंय.

अशा चाळीस स्लाइड असतील तर हाताने करणं वेडेपणाच आहे. त्यासाठी PPspliT नावाचं मोफत ॲड-इन आहे. ते प्रत्येक ॲनिमेशन उलगडून साध्या स्लाइड बनवतं, मग नेहमीप्रमाणे पीडीएफ काढायची. फक्त क्लिकवर येणाऱ्या पायऱ्यांची पानं करण्याची आणि स्लाइडचे मूळ क्रमांक टिकवण्याची सोय त्यात आहे. क्रमांकांची सोय जरूर वापरा. नाहीतर सातवी स्लाइड पीडीएफमध्ये एकोणिसावी होते आणि ‘सातव्या स्लाइडवर बघा’ म्हणणाऱ्या शिक्षकाची पंचाईत होते. ॲपलच्या Keynote मध्ये मात्र हे दुखणंच नाही. पीडीएफ काढतानाच तिथे Print each stage of builds अशी खूण करता येते.

पीडीएफमध्ये हालचाल मात्र यातल्या कशानेही येत नाही. वर्तुळाभोवती फिरणारा बिंदू फार तर सुरुवातीला आणि शेवटी दिसेल. मार्ग दाखवायचाच असेल तर मधल्या दोन-तीन स्थिती स्वतः स्लाइडवर काढाव्या लागतात.

पीडीएफ वाटायची हे आधीच ठरलेलं असेल, तर माझ्या मते ॲनिमेशन वापरूच नये. प्रत्येक पायरीची वेगळी स्लाइड करावी आणि मध्ये Morph हे संक्रमण लावावं. पडद्यावर वस्तू सरकत येतात आणि पीडीएफची पानं काही न करता बरोबर निघतात. कागदावर छापायचं असेल तर मात्र प्रत्येक गटातली शेवटची, पूर्ण झालेली स्लाइडच छापा, कागद वाचेल.