शुगरच्या पेशंटला अचानक धडधड, थरथर आणि घाम: आधी साखर तपासा

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरच्या एका वलीम्याच्या दावतीतली ही गोष्ट. आमच्या फुफीला बारा वर्षांपासून शुगर आहे. सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची गोळी घेतली, पण "दावतीत जेवायचंच आहे" म्हणून नाश्त्याला फक्त चहा आणि दोन खारी. हॉलमध्ये जेवण लांबत गेलं. दीडच्या सुमारास फुफी म्हणाली, "छातीत धडधडतंय रे." हात थरथरत होते, ओढणी घामाने भिजली होती, पण तळहात गार. नाडी मोजली तर मिनिटाला 116.

कुणी म्हणालं हार्टचं दिसतंय, कुणी म्हणालं गर्दीत जीव घाबरला, एका खालाने नजर उतरवायला मिरच्या मागवल्या. तेवढ्यात एका भाच्याने बॅगेतून ग्लुकोमीटर काढलं. साखर निघाली 56.

हे सगळं का होतं, ते समजून घेऊ या. रक्तातली साखर साधारण 70 च्या खाली गेली की शरीर धोका ओळखतं, कारण मेंदू मुख्यतः साखरेवरच चालतो. मग अ‍ॅड्रिनलिन रक्तात सुटतं. ते यकृताला साठवलेली साखर बाहेर काढायला लावतं. पण त्याच अ‍ॅड्रिनलिनमुळे हृदय जोरात धावतं, हात कापतात आणि थंड घाम फुटतो. भीती वाटल्यावर असंच होतं, म्हणून घरचे लोक "घाबरली" म्हणतात आणि खरं कारण राहून जातं. साखर आणखी उतरली तर माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, पुढे बेशुद्धही पडतो.

नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांनी होतं, कारण पोटात अन्न असो-नसो, त्या साखर उतरवत राहतात.

फुफीला आम्ही चहाच्या टेबलावरची साखर तीन छोटे चमचे अर्धा ग्लास पाण्यात ढवळून पाजली. एवढ्यात सुमारे 15 ग्रॅम साखर असते. पेढा किंवा चॉकलेट दिलं नाही, कारण त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. 15 मिनिटांनी तिचे हात धुऊन, पुसून पुन्हा तपासलं. बोटाला गोड लागलेलं असेल तर मीटर खोटा जास्त आकडा दाखवतं. साखर 78, नाडी 92, थरथर थांबलेली. आकडा 70 च्या खालीच राहिला असता तर तेवढीच साखर पुन्हा दिली असती. मग तिला लगेच पोटभर जेवू घातलं.

पण गोष्ट इथे संपली नाही. असरच्या सुमारास पुन्हा तीच धडधड, साखर 65. ग्लिमेपिराइडचा असर जवळपास दिवसभर राहतो, किडनी कमजोर असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून एकदा बरं वाटलं तरी त्या दिवशी आणि रात्री पेशंटला एकटं सोडू नये, दर काही तासांनी तपासावं आणि डॉक्टरांना कळवावं. फुफीच्या डॉक्टरांनी नंतर गोळीचा डोस कमी केला.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. बीपी किंवा हार्टसाठी मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल यांसारखी गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून राहते, घाम मात्र फुटतो. अशा माणसाला विनाकारण घाम आला तरी साखर तपासा. ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांना तर हळूहळू इशारा मिळणंच कमी होतं.

मीटर जवळ नसेल तर साखर कमी आहे असंच समजून साखरेचं पाणी द्या. थोडी जास्त साखर पोटात गेली तरी त्या वेळेपुरतं फार बिघडत नाही, पण वाट पाहण्यात धोका आहे. पेशंट बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, किंवा साखर नीट असूनही धडधड थांबत नसेल तर हार्टचं कारण असू शकतं. तेव्हाही थेट दवाखाना गाठा.

रमजानमध्येही हाच नियम. रोज्यात अशी लक्षणं आली तर बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासा, त्याने रोजा तुटत नाही. आकडा 70 च्या खाली असेल तर इफ्तारला दहा मिनिटं उरली असली तरी थांबू नका, रोजा सोडा. त्याची कजा नंतर करता येते. रोजे सुरू होण्याआधीच गोळ्यांच्या वेळा आणि डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं कुणीही शुगरवालं माणूस दावतीला निघालं की पर्समध्ये साखरेची पुडी असते.