नोटा सहापट, भाव अडीचपट, कापड तेवढेच

वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सालदाराचा सौदा वर्षातून एकदाच होतो. गुढीपाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला बसायचे, रक्कम ठरवायची, धान्य-कपड्यांचे बोलून घ्यायचे, आणि मग वर्षभर त्यात फरक नाही. मध्येच ज्वारीचा भाव दीडपट झाला तरी सालदाराची रक्कम पुढच्या पाडव्यापर्यंत तीच. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘मजुरी ताठर असते’ म्हणतात ते हेच. चलन वाढले की आधी उत्पादन का वाढते आणि नंतर नुसतेच भाव का उरतात, याचे उत्तर बरेचसे या एका सौद्यात आहे.

हे कागदावर कसे दिसते ते पाहू. आडव्या अक्षावर देशाचे एकूण उत्पादन, उभ्या अक्षावर सर्वसाधारण भावपातळी. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेषा एकूण मागणीची. डावीकडून उजवीकडे चढणारी रेषा अल्पकालीन एकूण पुरवठ्याची, म्हणजे मजुरी, भाडे, कोळशाचे करार जुन्याच दराने चालू असतानाची. तिसरी रेषा अगदी सरळ उभी. ही दीर्घकालीन पुरवठ्याची, आणि ती कुठे उभी राहील हे देशातली यंत्रे, जमीन, माणसे आणि कौशल्य ठरवते. नोटांची संख्या तिला हलवू शकत नाही.

आता कारंज्याला एक जिनिंग कारखाना आहे असे समजा. आकडे माझे, हिशेबापुरते. एक गाठ काढून देण्याचे 10 रुपये मिळतात. दिवसपाळीत गाठीला 9 रुपये खर्च येतो, म्हणून दिवसपाळी चालते. रात्रपाळीत दिवाबत्ती, जादा मजुरी आणि जुनाट यंत्रे धरून 11 रुपये पडतात, म्हणून रात्रपाळी बंद. बाजारात पैसा वाढला, मागणीची रेषा उजवीकडे सरकली आणि दर 12 रुपये झाला. मजुरी आणि कोळसा अजून जुन्या दरानेच आहेत. रात्रपाळीत गाठीमागे रुपया सुटू लागला, मालकाने दिवे लावले. उत्पादन वाढले, चार माणसांना काम लागले. चढत्या रेषेवरून वर जाणे म्हणजे एवढेच.

पुढच्या पाडव्याला मात्र मजूर विचारतो, ज्वारी महागली, कापड महागले, मग जुन्या पैशात घर कसे चालणार? कोळशाचा नवा करारही जादा दराने होतो. खर्च वीस टक्क्यांनी वाढला की रात्रपाळीची गाठ 13 रुपये 20 पैशांना पडते. मिळतात 12. दिवे विझतात. दिवसपाळीचा खर्च 10 रुपये 80 पैसे झाला, नफा 1 रुपया 20 पैसे, म्हणजे सगळेच वीस टक्क्यांनी फुगले आणि कोणाच्या हाती जास्त काही आले नाही. आकृतीत अल्पकालीन पुरवठ्याची रेषा डावीकडे वर सरकली आणि नवा छेदनबिंदू पुन्हा त्या उभ्या रेषेवर आला. उत्पादन जुनेच, भावपातळी नवी.

हे झाले गृहीतक. खरोखर असे घडते का, हे पाहायला दुसऱ्या महायुद्धाच्या काळाइतका स्वच्छ नमुना आपल्याकडे दुसरा नाही.

त्या वेळी वाशीम हा जिल्हा नव्हता. ब्रिटिशांच्या काळातला बासिम जिल्हा 1905 मध्ये मोडून वाशीम तालुका अकोला जिल्ह्यात गेला होता. स्वतंत्र जिल्हा पुन्हा झाला तो 1998 मध्ये. मुलूख मात्र तोच, कापसाचा आणि ज्वारीचा.

युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकार भारतात तंबू, गणवेश, धान्य, लाकूड असे पाहिजे ते विकत घेत होते. मालाचे पैसे इथे रुपयांत चुकते व्हायचे, पण ब्रिटन त्याची भरपाई लंडनमध्ये पौंडांत, रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर जमा करत असे. 1934 च्या कायद्यानुसार ही स्टर्लिंग मालमत्ता नोटांना तारण म्हणून चालत होती. म्हणजे लंडनच्या वहीत पौंडांची नोंद झाली की त्या तारणावर इकडे नव्या नोटा निघत. माल देशाबाहेर किंवा छावणीत गेला, पैसा देशातच राहिला. 1939 मध्ये सुमारे 180 कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या; 1945 पर्यंत त्या 1,100 कोटींच्या वर गेल्या. साधारण सहापट. यातल्या शेवटच्या दोन वर्षांत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडातच आय.सी.एस. म्हणून नोकरी केलेला माणूस.

मागणीची रेषा उजवीकडे गेली हे उघड. उत्पादनाचे काय झाले? मुंबई, अहमदाबाद, सोलापूर, नागपूरच्या गिरण्यांनी जादा पाळ्या सुरू केल्या. भारतातल्या गिरण्यांचे कापड युद्धाआधी वर्षाला चार हजार दशलक्ष वारांच्या थोडे वर होते, ते 1943-44 मध्ये 4,800 दशलक्ष वारांच्या पुढे गेले. ही आपल्या कारंज्याची रात्रपाळीच, फक्त मोठ्या प्रमाणावर. पण नवी यंत्रे यायची ती इंग्लंडातून, आणि तिथले कारखाने तेव्हा तोफा घडवत होते. जुनीच चाके जास्त तास फिरली. एवढीच वाढ, आणि तिथे भिंत लागली.

भिंत जवळ आली की पुरवठ्याची रेषा कशी उभी होत जाते, ते भावांत दिसते. घाऊक भावांचा निर्देशांक ऑगस्ट 1939 मध्ये 100 धरला होता. पहिल्या दोन वर्षांत तो बेताने चढला, 1942 नंतर उसळला आणि युद्ध संपेपर्यंत अडीचपटीच्या आसपास गेला. कारण उघड आहे. आधीच्या नोटांना रिकामी चाके सापडली होती, नंतरच्या नोटांना फक्त रांगा सापडल्या.

मजुरीची बाजू कशी सरकली याचाही पुरावा मुंबईतच आहे. युद्ध सुरू होऊन सहा महिने होतात न होतात तोच, मार्च 1940 मध्ये, गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी चाळीस दिवसांचा संप केला. न्यायमूर्ती रांगणेकरांच्या मंडळाने सुचवलेली वाढ त्यांना अपुरी वाटली होती. पुढे भत्ता राहणीमान खर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला. आज आपण पगाराच्या चिठ्ठीत ‘म.भ.’ वाचतो. आकृतीच्या भाषेत तो अल्पकालीन पुरवठ्याची रेषा वर सरकवणारा पट्टा आहे. पट्टा जितका चपळ, तितकी रात्रपाळीची चैन अल्पायुषी. वाशीमच्या सालदाराला असा पट्टा नव्हता. तो पुढच्या पाडव्याची वाट पाहत होता, म्हणून महागाईची पहिली किंमत त्याच्यासारख्यांनी मोजली. सावकाराचे कर्ज रुपयांत ठरलेले असलेल्या शेतकऱ्याला मात्र त्याच महागाईने थोडा हात दिला.

अर्थात सगळे भाव सारखे चढत नाहीत. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस, ज्याला मुंबईच्या बाजारात ‘उमरा’ म्हणत, त्याचे मोठे गिऱ्हाईक जपान होते. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला तोवर हे गिऱ्हाईक तुटले होते. कापड महाग होत असताना कापूस पिकवणाऱ्याच्या हाती त्या प्रमाणात पैसा पडला नाही. तीन रेषांची आकृती सरासरीची गोष्ट सांगते. एखाद्या मालाचे किंवा तालुक्याचे काय झाले हे तिला विचारू नये.

आता एक कोडे. नोटा सहापट, देशाचे एकूण उत्पादन फार तर दहावा हिस्सा वर, मग भाव अडीचपटच का? M × V = P × Y हे सूत्र घ्या. M चलन, V ते वर्षात किती वेळा हात बदलते, P भाव, Y उत्पादन. डावीकडे M सहा झाला, उजवीकडे P × Y अडीच गुणिले 1.1, म्हणजे पावणेतीन. तेव्हा V निम्म्याहून खाली आला असला पाहिजे. नोटा लोकांच्या गाठीशी पडून राहिल्या. घ्यायला मालच नव्हता, आणि जो होता तो रेशनवर आणि ठरीव भावात. जून 1943 मध्ये कापड आणि सुतावर नियंत्रण आले. नियंत्रित भाव निर्देशांकात दिसतो, काळ्या बाजाराचा दिसत नाही. म्हणून ते अडीचपटही खरे तर कमीच.

म्हणजे मागणी मेली नव्हती, बांध घालून अडवली होती. हे कळायला 1947 चा डिसेंबर उजाडावा लागला. तेव्हा अन्नधान्यावरची आणि जानेवारी 1948 मध्ये कापडावरची नियंत्रणे उठली. निर्देशांक 300 च्या आसपास होता, तो जुलै 1948 पर्यंत 390 च्या जवळ गेला. या सात-आठ महिन्यांत नोटा तेवढ्या पटीने वाढल्या नव्हत्या. जुना पैसाच बाहेर पडला. चलनवाढीचा भावांवरचा परिणाम वर्षे-वर्षे मागे राहू शकतो, तो असा.

आणि कापड? 1947 मध्ये गिरण्यांचे उत्पादन चार हजार दशलक्ष वारांच्याही खाली होते. युद्धात झिजलेली यंत्रे, संप, 1946 मध्ये आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आलेले, आणि फाळणीने लांब धाग्याच्या कापसाचे पट्टे पलीकडे गेलेले. या गोष्टींनी उभी रेषाच थोडी डावीकडे ढकलली, तेव्हा सगळा दोष नोटांना देता येणार नाही. पण भाव तिप्पट झाल्यावरही कापड 1939 इतकेच किंवा त्याहून कमी होते, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

एवढ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, ती म्हणजे एकदा वाढलेल्या चलनाचा आणि सतत वाढणाऱ्या चलनाचा फरक. एकदाच वाढले तर भावपातळी एक पायरी चढून थांबते. दरवर्षी वाढत राहिले तर मजूर, व्यापारी, सावकार सगळेच ते धरून चालतात, पाडव्याचा सौदाच पुढच्या महागाईसकट होतो, आणि मग रात्रपाळीला तेवढीसुद्धा फुरसत मिळत नाही. तेव्हा उत्पादन हलवायला आधीपेक्षा जास्त वेगाने नोटा काढाव्या लागतात. अशी शर्यत फार काळ कोणी जिंकलेली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘बाजारात पैसा ओतला, आता तेजी येईल’ अशी बातमी वाचाल तेव्हा दोन प्रश्न विचारा: रिकामी चाके किती आहेत, आणि मजुरी-कर्जांचे करार पुन्हा कधी व्हायचे आहेत? चाके भरपूर आणि करार लांबणीवर असतील, तर तेजी येईल. चाके भरलेली आणि पाडवा जवळ असेल, तर भावच येतील. सरकारने कापडावरचे नियंत्रण 1948 च्या उत्तरार्धात पुन्हा बसवले, ते हा दुसरा प्रकार अनुभवल्यावर.