पार्सलचे वजन : औंसातून ग्रॅममध्ये

अहिल्यानगरच्या मुकुंदनगरात आमच्या ओळखीच्या एक भाभी घरी लहान मुलांचे कपडे शिवून बाहेरगावी पाठवतात. गिऱ्हाईकाला टपालखर्च आधीच सांगावा लागतो, म्हणून पार्सल घरच्या छोट्या काट्यावर तोलले जाते. ईदच्या आधी सोलापूरचे एक पार्सल तोलताना काट्यावर १७.७ दिसले. मुलांनी बटण दाबल्यामुळे काटा ग्रॅम सोडून औंसावर, म्हणजे oz वर गेला होता.

भाभींनी २८ ने गुणले, ४९५.६ ग्रॅम आले. पार्सलचा दर पहिल्या ५०० ग्रॅमपर्यंत एक असतो. त्यापुढे प्रत्येक ५०० ग्रॅमला, किंवा त्याच्या थोड्याशा भागालाही, वाढीव पैसे पडतात. आपण ५०० च्या आत आहोत असे धरून भाभींनी गिऱ्हाईकाला कमी खर्च सांगितला. टपाल कचेरीच्या काट्यावर मात्र वजन ५०२ ग्रॅम भरले आणि वरचे पैसे भाभींच्याच पदरचे जाणार, असे दिसले.

चूक होती ती २८ या आकड्यात. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. एका औंसाला हा फरक नगण्य वाटतो, पण १७.७ औंसांना तो सहा ग्रॅमांवर जातो. १७.७ गुणिले २८.३५ म्हणजे ५०१.८ ग्रॅम. सराफाकडचा औंस तर आणखी वेगळा, ३१.१ ग्रॅमचा असतो. तो इथे लावू नये.

मग १७.६ औंस चालतील का? हिशेबाने ४९९ ग्रॅम होतात. पण काटा एक दशांश औंसाच्या टप्प्याने आकडा दाखवत असेल, तर १७.६ दिसताना खरे वजन १७.६५ च्या जवळ, म्हणजे ५०० च्या किंचित वरही असू शकते. म्हणून ५०० च्या आत राहायचे तर १७.५ वर थांबावे.

काही काट्यांवर lb:oz असे दिसते. तिथे १:१.७ म्हणजे एक पौंड आणि १.७ औंस. एका पौंडात १६ औंस असतात, म्हणून एकूण १७.७ औंस झाले. ते १.१७ पौंड समजले तर ५३१ ग्रॅम येतात आणि वजन विनाकारण जास्त धरले जाते. fl oz दिसले तर ते पातळ पदार्थांचे माप आहे, पार्सलसाठी ते वापरू नये.

भाभींनी जाड पुठ्ठ्याचा खोका काढून कपडे साध्या पाकिटात घातले. चिकटपट्टी आणि पत्त्याचा कागद लावून पुन्हा तोलले, तेव्हा १६.९ औंस भरले, म्हणजे ४७९ ग्रॅम. पार्सल पहिल्याच दरात गेले. आता त्या तोलण्याआधी काट्याचे UNIT बटण दाबून पडद्यावर g आले का, ते पाहतात.