टाळू काय सांगते

बाळंतघरात टाळूवर तेल थापताना आजी म्हणतात, 'टाळू भरायला हवी.' तेलाने टाळू भरत नाही, पण त्या निमित्ताने रोज कुणाची तरी बोटं तिथे फिरतात, आणि ती बोटं जाणती असतील तर बरंच काही कळू शकतं.

कवटीची हाडं जन्मतः एकमेकांना सांधलेली नसतात. समोरच्या बाजूला ती जिथे भेटतात तिथे शंकरपाळ्याच्या आकाराची मऊ जागा राहते, तीच टाळू. तिथे हाड नसलं तरी चिवट पडदा असतो, त्यामुळे अलगद हात लावल्याने किंवा न्हाऊ घालताना मेंदूला इजा होत नाही. मागे आणखी एक लहान टाळू असते, ती साधारण दोन महिन्यांत मिटते. पुढची बहुतेक मुलांत वर्ष-दीड वर्षात भरते, काहींत दोन वर्षंही लागतात.

टाळू तपासायची ती बाळ शांत असताना आणि खांद्याशी उभं धरून. रडताना, खोकताना किंवा आडवं असताना ती वर येते. त्याला फुगणं म्हणत नाहीत. उभं धरल्यावर किंचित खोलगट लागते, तेही ठीक. 'टाळू उडते' म्हणून आया घाबरतात, पण ते नाडीचे ठोके असतात.

जुलाब-उलट्या झालेल्या बाळाची टाळू नेहमीपेक्षा खोल गेली असेल, तर अंगातलं पाणी कमी झालंय असं समजावं. मात्र एकट्या टाळूवर निदान करू नये. डोळे खोल गेलेत का, तोंड कोरडं आहे का, सहा तासांत लघवी झाली का, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसते का, हे सगळं पाहायचं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, ओआरएस थोडं थोडं पाजायचं. बाळ मलूल असेल किंवा पीत नसेल तर मात्र घरी थांबू नये.

फुगलेली टाळू म्हणजे कवटीच्या आतला दाब वाढलेला. बाळ शांत आणि उभं असूनही ती ताठ, टम्म लागते. सोबत ताप, उलट्या, झटके किंवा बाळ जागंच होत नाही असं काही असेल, तर मेंदूज्वराची किंवा आतल्या रक्तस्रावाची शंका घेऊन तासाभराचाही विलंब न करता दवाखाना गाठायचा. उलट बाजूही ध्यानात ठेवावी : मेंदूज्वर असूनही टाळू सपाट असू शकते, विशेषतः उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर.

दाब हळूहळू वाढत असेल तर हाताला तो उशिरा कळतो. टेप आधी सांगते. ती न ताणणारी हवी. शिंप्याकडची जुनी कापडी टेप सैल झालेली असते. पुढून भुवयांच्या लगेच वर, बाजूंनी कानांच्या वर आणि मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग, अशी ती फिरवायची. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. बाळंतपणात डोकं दबून लांबट झालेलं असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजणं बरं.

समजा, एका मुलीचं डोकं सहा आठवड्यांच्या लशीच्या वेळी ३७.५ सेंमी भरलं. दहाव्या आठवड्याला ४०.२. हा आकडा एकटा पाहिला तर तक्त्यातल्या रेषांच्या आतच आहे, कुणी थांबणार नाही. चौदाव्या आठवड्याला ४२.८. आठ आठवड्यांत ५.३ सेंमी वाढ झाली. या वयात साधारण अडीच अपेक्षित असते. म्हणजे डोकं आपली रेषा सोडून वर चढतंय, आणि खरी बातमी तीच आहे. आता टाळू पुन्हा चाचपायची, डोक्यावरच्या शिरा ठळक झाल्यात का, बुबुळं खाली वळलेली दिसतात का हे बघायचं. टाळूवाटेच मेंदूची सोनोग्राफी करता येते, त्यासाठी भूल लागत नाही. तिच्यात मेंदूतले पाण्याचे कप्पे मोठे झालेले दिसले, तर गाठ मेंदूच्या सर्जनशी पडते आणि गरजेप्रमाणे नळी बसवून ते पाणी पोटात वळवतात.

डोकं मोठं असूनही रेषा न सोडता वाढत असेल, बाळ हसत-खेळत असेल, तर आधी आई-वडिलांची डोकी मोजावीत. अनेकदा मोठं डोकं घराण्याचंच असतं. याउलट वाढ मंदावली, रेषेखाली घसरली, तर तीही दाखवायला हवी.

आपल्याकडे लस चुकत नाही, वजन लिहिलं जातं. डोक्याचा घेर मात्र कित्येकदा राहून जातो. पुढच्या डोसाला जाल तेव्हा तो मोजायला सांगा आणि तारखेसकट कार्डावर लिहून घ्या.