आईच्या कानावर इंग्रजी

निबंध चारशे वीस शब्दांचा होता आणि बोलायला वेळ तीन मिनिटांचा. इचलकरंजीतल्या एका आठवीच्या मुलाने आंतरशालेय स्पर्धेसाठी पंचगंगेवर इंग्रजीत निबंध लिहिला होता. तो कागद न बघता, उभं राहून सादर करायचा होता. घरी ऐकायला होती फक्त आई. वडील रात्रपाळीला मागावर, आणि आई दिवसा कांड्या भरून संध्याकाळी मोकळी व्हायची. सातवीपर्यंत शिकलेली. तिच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून ते आलं २००० साली, तोवर ती वरच्या वर्गात गेली होती. दुकानाच्या पाटीवरची मोठी अक्षरं तिला ओळखता येतात, पण सलग वाक्य वाचता येत नाही.

“तुला न्हाई कळायचं आई,” असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला. “नको कळू दे. तू म्हण, मी ऐकते,” असं तिने उत्तर दिलं. मी याच मुलाला इंग्रजी शिकवतो. पुढच्या आठवड्यात त्या घरी काय काय झालं ते मला दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि सरावात काही मी स्वतः पाहिलं. ते सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण इंग्रजी न येणाऱ्या आईबापांनी मुलाचा इंग्रजीचा सराव कसा घ्यावा, हे आम्ही शिक्षक त्यांना कधीच नीट सांगत नाही. “घरी पाठ करून घ्या” एवढंच सांगून मोकळे होतो.

पहिली गोष्ट वेळेची. आईने मोबाइलवरचं घड्याळ लावलं. मुलाने निबंध दोन मिनिटं वीस सेकंदांत उरकला आणि खूश झाला, कारण वेळ उरला होता. आई मात्र म्हणाली, “कुठं थांबलास तेच कळंना. गाडी सुटल्यागत म्हणलास.” हिशेब केला तर तिचं बरोबर होतं. चारशे वीस शब्द एवढ्या वेळात म्हणजे मिनिटाला एकशेऐंशी शब्द. सभागृहातल्या शेवटच्या रांगेला समजावं असं बोलायचं तर मिनिटाला साधारण एकशेवीस शब्द पुरे होतात. त्या गतीने हाच निबंध साडेतीन मिनिटांचा होतो, म्हणजे शेवटची घंटा वाजल्यावरही मुलगा बोलतच राहिला असता. घाई करणं आणि शब्द कमी करणं, या दोन वाटांपैकी मुलं नेहमी पहिली धरतात. इथे नव्वद शब्द काढायचे ठरले. उरले तीनशेतीस, म्हणजे पावणेतीन मिनिटं, आणि श्वासाला पंधरा सेकंद.

पण काढायचे कोणते? इथे आईचा कान कामी आला. भाषा कळत नसली की माणसाला शब्दांचा अर्थ ऐकू येत नाही, पण आवाज फार स्वच्छ ऐकू येतो. दुसऱ्यांदा ऐकताना तिने विचारलं, “ते ‘इम्पॉर्टन्ट’ किती वेळा म्हणतोस रं?” मोजलं तर सहा वेळा निघालं. नदी महत्त्वाची, पाणी महत्त्वाचं, शेती महत्त्वाची, स्वच्छता महत्त्वाची. चार वाक्यं तिथेच गेली. मी तो निबंध आधी तपासला होता. व्याकरणाच्या चुकांवर लाल खुणा केल्या होत्या, पण डोळ्यांनी वाचताना हा शब्द मला एकदाही टोचला नव्हता.

मग श्वास. एका वाक्याच्या मध्येच मुलाचा आवाज बारीक व्हायचा आणि शेवटचे तीन शब्द गिळले जायचे. दर वेळी तिथेच. आईने कागदावर त्या जागी पेन्सिलने रेघ ओढायला सांगितलं. ते वाक्य मुलाने मोजलं, एकतीस शब्दांचं होतं, दोन ‘विच’ आणि एक ‘बिकॉज’ घालून लांबवलेलं. त्याची तीन वाक्यं केली. लिहिताना लांब वाक्य हुशारीचं वाटतं. बोलणाऱ्याला ते एका दमात पेलत नाही आणि ऐकणाऱ्याचा धागा सुटतो. ज्या ठिकाणी सलग तीन वेळा श्वास तुटतो तिथे दोष छातीचा नसतो, वाक्याचा असतो. हे तपासायला इंग्रजी यावं लागत नाही.

सर्वांत मोलाचा मला तिसरा प्रकार वाटतो. मुलगा एक परिच्छेद म्हणायचा आणि आई विचारायची, “आता मला सांग, काय म्हणलास?” त्याने मराठीत सांगायचं. बहुतेक ठिकाणी तो सांगू शकला. निबंधाच्या पहिल्याच वाक्यावर मात्र अडला. ‘रिव्हर्स आर द लाइफलाइन्स ऑफ ह्यूमन सिव्हिलायझेशन.’ हे त्याने कुठून तरी उतरवलं होतं आणि मोठ्या झोकात म्हणत होता. आईने विचारल्यावर “म्हंजे नद्या... भारी असतात,” एवढंच निघालं. तिने विचारलं, “मग आपली पंचगंगा आपल्याला काय करती?” तेव्हा तो धडाधड बोलू लागला: नळाचं पाणी, ऊस, घाटावरचं केंदाळ, कारखान्यांचं सांडपाणी, नृसिंहवाडीला कृष्णेत मिळणं. त्यातलं नळाचं पाणी त्याने निबंधाच्या तोंडी घेतलं आणि ते उतरवलेलं वाक्य गेलं. त्याच्या नव्या वाक्यात सगळे मिळून सात साधे शब्द होते, आणि ते म्हणताना त्याचा आवाज पहिल्यांदा त्याचा स्वतःचा वाटला.

याच प्रश्नातून एक चूकही सापडली. निबंधात २०१९ चा महापूर जुलैत आला असं होतं. आई म्हणाली, “जुलैत न्हवं. नागपंचमीला पाणी चढत होतं, मी वारुळाला गेलेच न्हाई त्या वर्षी.” त्या वर्षी नागपंचमी ५ ऑगस्टला होती आणि कोल्हापूर-सांगलीकडचा पूर त्याच आठवड्यातला. आईचं बरोबर होतं, निबंधाचं चूक, आणि माझ्या लाल पेनातूनही ते सुटलं होतं. भाषेमागे जे गाव आहे, ते तिला मुलापेक्षा जास्त ठाऊक होतं. ती इंग्रजी वाक्य तपासत नव्हती, त्या वाक्यात सांगितलेली गोष्ट तपासत होती.

पाठांतराचा मार्गही तिने बदलला, तो नकळत. आधी मुलगा कागद हातात घेऊन दहा-दहा वेळा वाचायचा. वाचताना सगळं येतं असं वाटायचं, कागद ठेवला की दुसऱ्या परिच्छेदात गाडी थांबायची. शब्दामागून शब्द घोकले की एक शब्द सुटला तरी पुढचं सगळं सुटतं. आईला कागद वाचता येत नव्हता, म्हणून तिने मुलाकडून मराठीत एक चिठ्ठी करून घेतली: नळ, ऊस, पूर, केंदाळ, आपण काय करायचं. ती चिठ्ठी तिच्या हातात आणि निबंध फडताळात. ती मधूनच “पूर” म्हणायची आणि त्याने तिथून इंग्रजीत सुरू करायचं. कधी शेवटून, कधी मधून. रोज संध्याकाळी दोन-तीन वेळा, त्याहून जास्त नाही, कारण तिला स्वयंपाक असायचा.

तिने जे केलं त्याला मानसशास्त्रात भक्कम आधार आहे. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना उतारे दिले होते. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. स्पर्धा आठवड्याने असते, पाच मिनिटांनी नसते. कागद हातात नसलेली आई म्हणूनच सरावाला अधिक उपयोगी पडते. तिच्यासमोर आठवावंच लागतं.

आता मर्यादा. उच्चार. इथे आई काही करू शकत नाही आणि इथेच धोका मोठा आहे, कारण मोठ्याने केलेला सराव चुकीचा उच्चारही तेवढाच पक्का करतो. पूर या अर्थाचा शब्द मुलगा ‘फ्लूड’ असा म्हणत होता. स्पेलिंगमध्ये दोन ‘ओ’ आहेत, ‘स्कूल’ आणि ‘फूड’मध्येही आहेत, तेव्हा त्याचा तर्क सरळ होता. पण बरोबर उच्चार ‘फ्लड’. पूर हा तर निबंधाचा मध्यभाग, शब्द चार वेळा येणारा. तो कसा पकडला गेला? मुलाने एकदा शाळेत ऐकलं तसं ‘फ्लड’ म्हटलं आणि पुढच्याच वाक्यात ‘फ्लूड’. आई लगेच म्हणाली, “दोन्ही एकच का? मग वेगळं का म्हणलास?” त्याला सांगता येईना. तो शब्द त्याने दुसऱ्या दिवशी मला विचारला. जिथे मूल एकच शब्द दोन तऱ्हांनी म्हणतं, किंवा एखाद्या शब्दाशी आवाज दबतो, तिथे ते स्वतःच साशंक असतं, आणि हे कोणत्याही कानाला कळतं. मात्र जो शब्द ते ठामपणे आणि दर वेळी सारखाच चुकीचा म्हणतं, तो असा सापडत नाही. ‘वेन्सडे’ला ‘वेडनेसडे’ म्हणणारं मूल जराही अडखळत नाही. त्यासाठी शिक्षक हवा, नाहीतर मोबाइलवरच्या शब्दकोशातलं ध्वनीचं बटण दाबून तो शब्द ऐकायला हवा.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. उच्चार आधी, घरचा सराव नंतर. मी स्वतः हे उलट होऊ देत आलो होतो. आता निबंध घरी पाठवण्याआधी मुलाला माझ्यासमोर एकदा वाचायला लावतो आणि अवघड आठ-दहा शब्दांचे उच्चार त्याच कागदाच्या कडेला देवनागरीत लिहून देतो. फक्त तेवढ्याच शब्दांचे. अख्खा निबंध देवनागरीत उतरवला की मुलं इंग्रजी अक्षरांकडे बघतच नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी तो मुलगा दोन मिनिटं पन्नास सेकंद बोलला. मध्ये एकदा विसरला, क्षणभर थांबला, आणि “केंदाळ” आठवून पुढच्या परिच्छेदाला लागला. सुटलेली दोन वाक्यं कोणाच्या ध्यानातही आली नाहीत. क्रमांक आला नाही. परीक्षकांनी त्याला पुराबद्दल एक प्रश्न इंग्रजीत विचारला आणि त्याचं उत्तर त्याने न अडखळता दिलं, कारण तोच प्रश्न आईने मराठीत आधी विचारलेला होता.

इंग्रजीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पालकसभेत “घरी वाचून घ्या” म्हणू नका, ज्यांना वाचता येत नाही त्या आया मान खाली घालून बसतात. त्यांना नेमकं सांगा: घड्याळ लावा, श्वास कुठे तुटतो ते बघा, मराठीत अर्थ विचारा, कागद काढून घ्या, आणि शंका आलेला शब्द आमच्याकडे पाठवा. उच्चार सांगणं आमचं काम आहे, ते आम्ही सराव सुरू होण्याआधी करू.