आणि आणि : मसुद्यातले जुळे शब्द

‘समितीने अहवाल आणि आणि शिफारशी सादर केल्या’ या वाक्यातला दुसरा ‘आणि’ वाचताना सहज निसटतो. पहिला ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असेल, तर हमखासच. साध्या शोधालाही तो सापडत नाही, कारण कोणता शब्द दोनदा आला आहे हे आधी ठाऊक नसते. ‘कोणताही शब्द, आणि लगेच पुन्हा तोच’ असे सांगण्याची सोय रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये आहे. तिला बॅकरेफरन्स म्हणतात.

इंग्रजी मजकुरासाठी नेहमीचा साचा असा :

```
\b(\w+)\s+\1\b
```

`\w+` म्हणजे सलग अक्षरे. त्यांच्याभोवतीच्या गोल कंसामुळे सापडलेला तुकडा लक्षात ठेवला जातो. `\s+` मध्ये मोकळी जागा बसते, तशी नवी ओळही. `\1` म्हणजे पहिल्या कंसात जे सापडले, नेमके तेच. दोन्ही टोकांचे `\b` शब्दाची सीमा दाखवतात. सीमा गाळली, तर ‘आहे हे’ यातही ‘हे हे’ सापडेल आणि ‘तो तोडतो’ यात ‘तो तो’.

मराठीत मात्र हा साचा फसतो. पायथॉनच्या `re` मध्ये काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे `\w` मध्ये मोडत नाहीत. त्यामुळे ‘पण पण’ सापडते, पण ‘आणि आणि’ सुटते : ‘ण’ नंतर वेलांटी येते, यंत्राच्या हिशेबी शब्द तिथेच संपतो आणि पुढे अपेक्षित असलेली मोकळी जागा मिळत नाही. उलट ‘घर घरात’ ही चूक म्हणून दाखवली जाते, कारण ‘घरात’ मधल्या कान्यापाशी त्याला सीमा दिसते. जावास्क्रिप्टचे `\w` तर देवनागरी अक्षर ओळखतच नाही. तेव्हा देवनागरीचा पट्टा स्वतःच सांगावा :

```
(?<![\u0900-\u097F])([\u0900-\u097F]+)\s+\1(?![\u0900-\u097F])
```

सुरुवातीचा कंस ‘आधी देवनागरी चिन्ह नको’ असे बजावतो, शेवटचा ‘नंतरही नको’ असे. सीमा आता `\b` वर अवलंबून नाही. ‘आणि आणि’ सापडते. ‘घर घरात’, ‘आहे हे’ आणि ‘तो तोडतो’ वगळले जातात. दुसऱ्या शब्दाला पूर्णविराम चिकटलेला असला तरी बिघडत नाही. मध्ये स्वल्पविराम असलेले ‘नको, नको’ मात्र सापडत नाही, आणि ते बरेच आहे.

शोध ओळीओळीने चालत असेल, तर ओळीच्या टोकाशी तुटलेली जोडी निसटते. `grep` नेहमीच्या वापरात असाच चालतो. म्हणून पायथॉनमध्ये सगळी फाइल एका मजकुरात वाचून मगच साचा चालवावा.

सापडलेल्या जोडीच्या जागी `\1` ठेवले की एक शब्द गळतो. ‘सगळे बदला’ हे बटण मात्र मराठीत दाबू नये. ‘लहान लहान मुले’, ‘काय काय आणले’, ‘दोन दोन लाडू’ यांतली द्विरुक्ती अर्थासाठीच आलेली असते आणि साच्याला ती चुकीसारखीच दिसते. प्रत्येक जोडी संपादकाने डोळ्यांखालून घालावी लागते.